आजोबांच्या स्मृतिदिनाचे चार शब्द

अभ्यासासाठी वाचन : उत्पत्ति, अध्याय २३, प्रेषितांची कृत्ये ९ : ३६-४२.

आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत एखादे वृद्ध माणूस प्रभूमध्ये झोपी गेले म्हणजे पुरण्याच्या दिवशी घाईगर्दीत कोणास काही बोलता येत नाही. पुढे महिना किंवा वर्ष लोटल्यावर स्मरणार्थ उपासना होते, आणि घरात जो कोणी शिकलेला असेल, बहुधा एखादा नातू, त्यास वडील मंडळी सांगतात, "बाबा, तू चार शब्द लिहून आण." तो बिचारा वही घेऊन बसतो. वर्तमानपत्रातील श्रद्धांजलीच्या चौकटी त्याच्या वाचनात असतात. तेच शब्द त्याच्या लेखणीतून उतरतात. मग तो कागद उपदेशकाकडे किंवा पाळकाकडे येतो, की साहेब, एवढे जरा नीट करून द्या. हे नीट करणे म्हणजे काय, ह्याचा विचार आज एका उदाहरणावरून करू.

प्रथम शास्त्रातील दोन ठिकाणे पाहा. सारा एकशे सत्तावीस वर्षांची होऊन मरण पावली, तेव्हा अब्राहाम तिच्यासाठी शोक करावयास व रडावयास आला, एवढेच पवित्र शास्त्र सांगते, आणि तेही एकाच वचनात. पुढचा जवळजवळ सर्व अध्याय एका शेताच्या खरेदीविषयी आहे. ते शेत कोणाचे, त्याच्या कडेची गुहा कोणती, वेशीपाशी कोण कोण बसले होते, चारशे शेकेल रुपे कसे तोलून दिले, शेताच्या हद्दीत झाडे होती, हे सर्व त्यात आहे. वृद्ध पती डोळे पुसून उठला आणि बायकोला ठेवावयास जागा मिळावी म्हणून परक्या लोकांपुढे लवून उभा राहिला. हे वाचणाऱ्यास त्याच्या दुःखाविषयी आणखी काही सांगावे लागत नाही. दुसरे ठिकाण यापो येथील. दुर्कस मेली व पेत्र माडीवर आला, तेव्हा विधवा रडत रडत त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्यास दाखवू लागल्या. ती दयेचा सागर होती, असे त्यांपैकी कोणी म्हटल्याचे लिहिलेले नाही. त्यांनी कपडे दाखविले.

आता उदाहरण. पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्यात आमचे एक जुने कुटुंब आहे. तेथील आजोबा पंच्याऐंशीव्या वर्षी वारले. घरात त्यांस सर्व जण आबा म्हणत. प्रथम स्मृतिदिनाच्या तीन आठवडे अगोदर त्यांचा नातू, जो शाळेत शिक्षक आहे, आपला कागद घेऊन मजकडे आला. त्यातील आरंभ असा होता :

"परमपूज्य आबा म्हणजे आमच्या कुळाचा दीपस्तंभ, प्रेमाचा अथांग सागर आणि त्यागाची जिवंत मूर्ती होते. क्रूर काळाने त्यांच्यावर झडप घातली आणि आमच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. आबा अजातशत्रू होते. त्यांनी आयुष्यात कोणाचेही मन दुखविले नाही. त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही."

अशी दोन पाने होती. अक्षर सुंदर, शुद्धलेखन निर्दोष. मी त्यास विचारले, "गुरुजी, हाच कागद पलीकडच्या गावातील एखाद्या आजोबांच्या स्मृतिदिनी वाचावयाचा झाला, तर ह्यातील कोणते वाक्य बदलावे लागेल?" त्याने दोन्ही पाने पुन्हा वाचली. मरणाची तारीख तेवढी बदलावी लागेल, असे तो म्हणाला. माणूस प्रामाणिक आहे.

ह्यात त्याच्या प्रेमाची उणीव नव्हती. तो लिहिताना रडला होता, हे कागदावरून दिसत होते. परंतु दीपस्तंभ त्याने जन्मात पाहिला नव्हता, आणि आबांनीही पाहिला नसावा. शिवाय 'क्रूर काळ' हा शब्द आपल्या तोंडी शोभतो काय, हाही प्रश्न आहेच. आपण आबांस प्रभूच्या हाती सोपवून आलो आणि वर्षाने उभे राहून त्यांस काळाने झडप घालून नेले असे म्हणतो, ह्यात आपण काय बोलतो इकडे आपले लक्षच नसते.

परंतु ह्या सर्वांहून मोठी अडचण 'अजातशत्रू' ह्या शब्दाची होती. आबा आणि त्यांचे धाकटे बंधू, ज्यांस घरात तात्या म्हणतात, ह्यांच्यात शेताच्या बांधावरून वाद होऊन कित्येक वर्षे बोलणे बंद होते, ही गोष्ट गावात लहान मुलांसही ठाऊक आहे. तात्या हयात आहेत. ते स्मृतिदिनी पहिल्या बाकावर बसणार. नातवाने उभे राहून 'अजातशत्रू' म्हटले, की सर्व मंडळीची नजर तात्यांकडे जाणार. कोणी मनात हसेल, कोणी मान खाली घालील, आणि त्यापुढचे एकही वाक्य कोणी खरे मानणार नाही. तात्यांस तर असेच वाटेल की, भांडण होते ते एकट्या माझ्याच बाजूने होते, असे ह्या पोराने जाहीर केले.

म्हणून मी त्यास म्हणालो, "हा कागद जपून ठेवा, पण आता मिटा. ह्यात एक शब्द इकडचा तिकडे करून उपयोग नाही. आपण माहिती गोळा करू."

ह्या माहिती गोळा करण्यात पहिल्या खेपेस त्याची जी फजिती झाली, ती सांगण्यासारखी आहे. त्याने आजीपुढे मोबाइल ठेवला, ध्वनिमुद्रण सुरू केले आणि विचारले, "आजी, आबा स्वभावाने कसे होते?" आजीने पदर सावरला आणि उपासनेत साक्ष देतात त्या सुरात म्हटले, "लई चांगले होते. देवभीरू होते." मग ती रडू लागली व गप्प बसली. त्याने मला येऊन सांगितले की, आजीला काही आठवत नाही.

आजीस सर्व आठवत होते. प्रश्न चुकला होता. 'कसे होते' ह्या प्रश्नास माणूस गुणांची नावे सांगतो, आणि गुणांची नावे सर्व मेलेल्या माणसांची सारखीच असतात. 'काय करीत' असे विचारावे. सकाळी उठल्यावर पहिले काम कोणते करीत? जेवताना कोठे बसत? खिशात काय असे? कशाने चिडत? कोणते काम त्यांस येत नसे? बाजारातून आल्यावर पिशवीतून पहिली वस्तू कोणती काढीत? दुसरी गोष्ट अशी की, म्हाताऱ्या माणसास समोर बसवून विचारू नये. तिचे हात कामात असावेत. नातवाने दुसऱ्या खेपेस ज्वारी निवडण्याच्या वेळी जाऊन स्वतः सूप हाती घेतले, आणि बोलणे दिवेलागणीपर्यंत चालले. मोबाइल घरी ठेवला होता. जे ऐकले, ते त्याने त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, वहीत उतरून काढले. सकाळवर टाकले असते, तर आजीचे शब्द जाऊन मास्तरांचे शब्द आले असते.

त्यानंतर तो आणखी दोघांकडे गेला. घरच्या माणसाखेरीज एक तरी बाहेरचे माणूस विचारावे, हा माझा आग्रह असतो, कारण घरच्यांस जे नेहमीचे म्हणून दिसत नाही, ते बाहेरच्यास दिसते. त्या गावात एक वृद्ध बायबलबाई आहेत. त्यांच्याकडे तो गेला. आणि शेवटी, बऱ्याच मिनतवारीने, तात्यांकडे.

तात्यांकडे जाण्यास तो भीत होता. "त्यांनी आबांविषयी वाईट काही सांगितले तर?" असे त्याने विचारले. मी म्हटले, "तर ते ऐकून घ्या आणि चहा पिऊन परत या. आपण लिहिलेच पाहिजे असे नाही. पण त्यांस न विचारता त्यांच्या भावाविषयी देवळात बोलू नये." पाळकाचे काम करताना ही एक गोष्ट मी पाहिली आहे : ज्याच्याशी भांडण होते त्यास कोणी मृताची आठवण विचारीत नाही, आणि पुष्कळदा सर्वांत नीट आठवण त्याच्यापाशीच असते.

वहीत मिळून चौदा गोष्टी जमल्या. बोलावयास पाच मिनिटे होती. सावकाश वाचल्यास मिनिटास शंभराच्या आतबाहेर शब्द जातात, म्हणजे मजकूर चारशे ते पाचशे शब्दांचा. तेवढ्यात चौदा गोष्टी कोंबल्या तर यादी होते आणि एकही गोष्ट ध्यानात राहत नाही. तीन गोष्टी पुरे. कोणत्या घ्याव्या हे ठरविताना आम्ही एवढेच पाहिले की, गोष्ट डोळ्यांनी पाहता येते काय, आणि ती ह्याच माणसाची आहे काय. 'आबा रोज पहाटे प्रार्थना करीत' ही गोष्ट खरी होती, परंतु ती तशीच सोडून दिली. पुष्कळांचे आजोबा पहाटे प्रार्थना करतात. एक गोष्ट आजीने सांगितली आणि लगेच म्हणाली, "हे लिहू नको." ती खोडून टाकली. ती येथेही सांगत नाही.

आता भाषेविषयी. नातवास भीती होती की, आजीची बोली देवळात वाचली तर लोक हसतील, म्हणून त्याने तिची वाक्ये पुस्तकी करून आणली होती. आजी म्हणाली होती, "मला म्हन्ले, ग्वाड खाल्लं की माझं दात ठणकत्यात." त्याने लिहिले, "मिष्टान्न सेवन केल्यास मला दंतपीडा होते, असे ते म्हणत." असे आबा म्हणत नव्हते, असे जगात कोणीच म्हणत नाही. नियम सोपा आहे. आपण जे सांगतो ते आपल्या साध्या, शुद्ध भाषेत सांगावे. दुसऱ्याचे बोलणे द्यावयाचे तर ते त्याच्या तोंडचे जसेच्या तसे द्यावे, मग ते एकच वाक्य का असेना.

आमच्या ख्रिस्ती मराठीत ह्याचा सर्वांत मोठा दाखला घरचाच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली वारले. त्यांचे पुत्र देवदत्त ह्यांस वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते, म्हणून त्यांनी आईस आठवणी लिहून काढण्यास सांगितले. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्या जशा बोलत तशा त्यांनी आठवणी सांगितल्या, आणि १९३४ पासून पुढे 'स्मृतिचित्रे' ह्या नावाने त्या चार भागांत निघाल्या. त्यात टिळकांचा तापटपणा आहे, विसरभोळेपणा आहे, घरात पैसा नसताना तो कोणास तरी देऊन टाकणे आहे, आणि त्यावरून झालेली भांडणेही आहेत. ते वाचून टिळकांविषयीचा आदर कमी झाला, असे मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

ह्यावरून मोठा प्रश्न उभा राहतो तो दोषांचा. मृताचा दोष सांगावा काय? माझे मत असे आहे : जो दोष सर्व मंडळीस ठाऊक आहे, तो लपवू नये, आणि जो ठाऊक नाही, तो उघड करू नये. सांगावयाचा तर एका वाक्यात, विशेषण न लावता सांगावा, आणि त्यात ज्या दुसऱ्या जिवंत माणसाचा संबंध येतो, त्याची परवानगी घ्यावी. बांधाच्या वादात चूक कोणाची होती, हे नातवाने तात्यांस विचारले नाही व लिहिलेही नाही. बोलणे बंद होते, एवढेच लिहिले. वर्षे किती, हे आजीने सांगितले होते.

पुढे जो मजकूर तयार झाला, तो कुटुंबाच्या अनुमतीने येथे देतो. तो चार वेळा लिहिला गेला. पहिल्या कागदात 'मी', 'मला', 'माझे' हे शब्द सतरा वेळा होते, आणि नातवाचे दुःखच आबांच्या पुढे उभे होते. आता पाहा :

"आपल्या देवळाबाहेर लिंबाच्या झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला आहे. तो आबा रविवारी वाजवीत. पहिली घंटा ते वेळेवर देत. दुसरी घंटा कधी वेळेवर होई, कधी होत नसे. त्यावरून पाळकसाहेब त्यांना बोलत. आबा ऐकून घेत आणि पुढच्या रविवारी पुन्हा उशीर करीत. ह्याचे कारण आम्हाला ह्या महिन्यात बायबलबाईंनी सांगितले. त्यांचा गुडघा धरला होता, त्यामुळे त्यांना यायला वेळ लागे. त्या म्हणाल्या, 'साहेब घड्याळ बघायचे, आबा माझा गुडघा बघायचे. मी विहिरीच्या पुढं आले की घंटा व्हायची.'

१९७२ सालच्या दुष्काळात आबा आणि आजी पाझर तलावाच्या कामावर होते. आबा खडी फोडीत, आजी पाट्या वाही. कामावरच्या माणसांना सुकडी मिळे. आबा आपली सुकडी पंचाच्या टोकाला बांधून घरी मुलांसाठी आणीत. आजी म्हणे, 'तुमी बी खा की.' तेव्हा आबा म्हणत, 'ग्वाड खाल्लं की माझं दात ठणकत्यात.' आजीने ते खरे मानले. त्यानंतर घरात सणाला पोळी केली, की आजी आबांना भाकरी वाढी.

मी सहा-सात वर्षांचा असताना आबा संध्याकाळी शेतातून आले की मला घेऊन माळवदावर जात. तेथे ते खिशातून गुळाचा खडा काढीत. अर्धा मला देत, अर्धा आपण खात. 'आजीला सांगू नको,' असे म्हणत. मी सांगितले नाही. ह्या महिन्यात सांगितले. आजी म्हणाली, 'म्हणून डब्यातला गूळ सरायचा. मला वाटायचं, मुंग्या.'

आबा आणि आमचे तात्या ह्यांच्यात बांधावरून वाद झाला होता, आणि अकरा वर्षे ते एकमेकांशी बोलले नाहीत. एका मृगात पाऊस चांगला झाला. तात्यांचा बैल त्याच आठवड्यात मेला होता. तात्या सकाळी आपल्या शेतावर गेले, तेव्हा आबा तेथे तात्यांच्या रानात पेरणी करीत होते. बैल आबांचे, पाभर आबांची, बी आबांचे. तात्या बांधावर उभे राहिले. आबांनी चाड्यावरची मूठ सोडली नाही, वर पाहिले नाही. निम्मे रान झाल्यावर पाभर थांबली. आबा म्हणाले, 'बी सरलं. घरनं आण.' तात्यांनी बी आणले. दुपारी दोघे लिंबाखाली जेवले. माफी कोणीही मागितली नाही, असे तात्यांनी मला सांगितले, आणि हे सांगायला त्यांनी मला परवानगी दिली आहे.

ती पाभर आमच्या गोठ्यात आहे. आता पेरणी ट्रॅक्टरने होते. तरी ती आम्ही मोडीत दिलेली नाही."

एवढाच मजकूर. शेवटी नातवाने आणखी तीन वाक्ये लिहिली होती. आबांनी क्षमेचा केवढा थोर आदर्श घालून दिला, तो आपण गिरवू या, इत्यादि. ती मी काढावयास लावली. त्यास वाईट वाटले. त्याचे म्हणणे होते की, ख्रिस्ती उपासनेत एखादे वचन व बोध नको काय? बोध हवाच, परंतु त्यासाठी त्याच उपासनेत मी पुढे अर्धा तास उभा राहणार होतो. नातवाने साक्षीदार व्हावे. साक्षीदाराने काय पाहिले व काय ऐकले ते सांगावे. त्याचा अर्थ काय, हे त्याने सांगू लागणे न्यायालयात चालत नाही, आणि देवळातही ते ऐकवत नाही. सुकडी आणि गूळ ह्या दोन गोष्टी जवळजवळ ठेवल्या की, मध्ये 'केवढा हा त्याग!' असे लिहिण्याची गरज राहत नाही. लिहिले तर उलट ऐकणाऱ्याने स्वतः जे ओळखले असते, ते आपण त्याच्या हातातून काढून घेतो.

ह्यातच भावनेला आवर घालण्याचा सर्व प्रश्न आला. आवर घालणे म्हणजे कोरडे होणे नव्हे. लाजराच्या कबरेपाशी प्रभू रडला, हे आपणांस ठाऊक आहे. आणि ते शास्त्रात किती थोड्या शब्दांत लिहिले आहे, हेही ठाऊक आहे. वरील मजकुरात 'दुःख', 'अश्रू', 'प्रेम', 'पोरके' ह्यांपैकी एकही शब्द नाही. ते शब्द बंदी घालून काढले नाहीत. गोष्टी पुऱ्या सांगितल्यावर त्यांना जागाच उरली नाही.

वाचण्याच्या तयारीविषयी थोडे. लिहिलेला मजकूर मोठ्याने निदान तीन वेळा वाचावा, कारण डोळ्याला बरे दिसणारे वाक्य जिभेला अडते. नातवाने मोठ्या अक्षरात, दोन ओळींत भरपूर जागा सोडून, कागदाच्या एकाच बाजूस लिहून घेतले. एकदा त्याने ते आजीस घरी वाचून दाखविले. हे टाळू नये. विधवेने आपल्या पतीविषयीची गोष्ट सर्व लोकांत प्रथमच ऐकावी, हे बरे नव्हे. तिने एक दुरुस्ती केली : पाट्या नव्हे, घमेली होती. मग तिनेच पुन्हा विचार करून सांगितले की, आरंभी पाट्याच होत्या. तसेच ठेवले.

वाचताना आपला गळा कोठे दाटणार, हे घरीच कळते. नातवाचा गळा गुळाच्या खड्यापाशी दाटे. तेथे त्याने पेन्सिलीने उभी रेघ ओढून ठेवली. त्या ठिकाणी थांबावे, कागदाकडे पाहावे, एक श्वास घ्यावा आणि पुढचे वाक्य हळू आवाजात सुरू करावे. आवाज चढविला की तो फुटतो. रडू आलेच तर येऊ द्यावे, परंतु 'मला क्षमा करा, मला बोलवत नाही' असे म्हणू नये. त्याने सर्वांचे लक्ष मृतावरून बोलणाऱ्यावर जाते. आणि ज्या ठिकाणी गळा दाटतो, ते ठिकाण अगदी शेवटी ठेवू नये. तेथेच संपविले तर माणूस बाकावर परत कसा जाईल? म्हणून गूळ मध्ये ठेवला आणि पाभर शेवटी. पाभरीविषयी बोलताना कोणाचाही आवाज स्थिर राहतो.

मृत व्यक्ती तरुण असेल, किंवा मरण अपघाताने अगर आत्मघाताने झाले असेल, तर ह्या पद्धतीने जाऊ नये. तेथे घरच्यांस आठवणी विचारत बसणे क्रूरपणाचे होते, आणि हसू आणणारी गोष्ट तर मुळीच चालत नाही. अशा वेळी पाळकाने स्वतः थोडे बोलावे. हा पाठ पिकल्या पानाविषयी आहे. तेथेही वर्ष लोटू द्यावे. पुरल्यानंतर आठ दिवसांत आजीकडे ज्वारी निवडावयास गेलो असतो, तर एवढे मिळाले नसते.

स्मृतिदिनी देऊळ भरले होते. नातवाने रेघेपाशी थांबून श्वास घेतला. "मला वाटायचं, मुंग्या," ह्या वाक्यास बायका हसल्या, आणि आजीही हसली. बांधाचे वाक्य आले तेव्हा कोणी तात्यांकडे वळून पाहिले नाही. जो तो समोर पाहत बसला होता. तात्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले होते.

उपासना संपल्यावर मी दारात उभा होतो. तात्या सावकाश आले, हात मिळविला आणि नातवास जवळ बोलाविले. मजकूर बरा होता, असे ते म्हणाले. मग म्हणाले, "पर त्ये अकरा न्हाई, बारा वर्सं व्हती. तुझी आजी चुकली. म्या मोजली व्हती."

घरी जपून ठेवावयाच्या प्रतीत नातवाने अकरा खोडून बारा केले आहे.